प्रकल्प नोंदी: चार बोटे उतरलेली काच

१२ जुलै, चित्रीकरणाचे स्थळ, पुणे

शॉट साधा वाटतो. रस्त्याच्या कडेला गाडी उभी आहे, मागच्या सीटवर वडील बसले आहेत, खिडकीची काच चार बोटे खाली उतरलेली आहे आणि कॅमेरा बाहेरून मागच्या दाराकडून बॉनेटच्या दिशेने एक मीटर सरकतो. वडिलांची भूमिका करणाऱ्या नटाच्या तारखा आजच्या दिवसाशी जुळल्या नाहीत, म्हणून आज रिकामी गाडी चित्रित झाली. नट तीन आठवड्यांनी क्रोमाच्या हिरव्या पडद्यासमोर बसतील आणि त्यांना काचेच्या आड बसवण्याचे काम माझ्याकडे राहील. शॉट ९ सेकंदांचा, म्हणजे २५ फ्रेमच्या गतीने २२५ फ्रेमचा आहे.

लेन्स ३५ मि.मी. आहे आणि स्लायडर काचेपासून काटकोनात १.४ मीटरवर आहे. कॅमेऱ्याचे डोके पॅन न करता एकाच कोनात घट्ट बसवले आहे. त्यामुळे काचेच्या मध्याकडे पाहण्याचा कोन, काचेच्या लंबापासून मोजला तर, सुरुवातीला ३५ अंश आणि शेवटी ५५ अंश होतो. याचा एक फायदा असा की कॅमेरा आणि त्यामागची माणसे काचेत कुठेही दिसत नाहीत, कारण स्वतःचे प्रतिबिंब पाहण्यासाठी काचेसमोर जवळजवळ सरळ उभे राहावे लागते.

छायालेखकांना विनंती करून तीन फेऱ्या घेतल्या. पहिली फेरी मुख्य, काच चार बोटे उतरलेली. दुसऱ्या फेरीत काच तशीच ठेवून खिडकीच्या आत काळे मखमली कापड ताणून लावले, म्हणजे काचेतून जे दिसेल ते निव्वळ प्रतिबिंब असेल. तिसऱ्या फेरीत काच पूर्ण खाली, म्हणजे आतली सीट, पलीकडची खिडकी आणि तिच्यापलीकडचा रस्ता मधल्या काचेशिवाय मिळेल. स्लायडर हाताने ढकलला असल्याने तिन्ही फेऱ्यांचा वेग वेगळा आहे, पण रेषा एकच आहे.

पोलरायझर, म्हणजे प्रतिबिंब कमी करणारा फिल्टर, लावावा का, यावर थोडी चर्चा झाली. या कोनांना तो प्रतिबिंब बरेच कमी करू शकला असता, पण मागच्या दाराची काच टेम्पर्ड असते आणि पोलरायझरमधून तिच्यावर काळपट ठिपक्यांची नक्षी उमटते. ती नंतर पुसत बसण्यापेक्षा प्रतिबिंब पूर्ण घेऊन ते वेगळे हाताळलेले बरे.

निघण्यापूर्वी काचेचा रंग मोजून घेतला. कापडी आडोसा करून बाहेरचा उजेड तोडला, गाडीच्या आत करड्या रंगाचे कार्ड धरले आणि त्यावर आतूनच एक छोटा एलईडी दिवा मारला. कार्डावरचा प्रकाश आतूनच येत असल्याने काच वर केली काय आणि खाली केली काय, तो बदलत नाही. एकदा काच खाली करून आणि एकदा वर करून, दोन्ही वेळा कॅमेरा स्लायडरच्या सुरुवातीच्या टोकाला ठेवून छायाचित्रे घेतली. लिनिअरमध्ये, म्हणजे प्रकाशाच्या प्रमाणात असलेल्या आकड्यांत, भागाकार केल्यावर लाल ०.५०, हिरवा ०.५६ आणि निळा ०.५३ अशी गुणोत्तरे आली. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०० बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के दृश्य प्रकाश आत यावा असे सांगतो, तेव्हा ही काच नियमात बसते. हिरवा आकडा मोठा आहे तो काचेतल्या लोहामुळे.

१५ जुलै

तिन्ही फेऱ्या लिनिअरमध्ये आणल्या. आज कॉम्प, म्हणजे थरांची जुळणी, केली नाही, फक्त हिशेब केला, कारण या शॉटमध्ये चूक होईल ती हिशेबात होईल असे वाटते.

काच तीन गोष्टी करते. आतून येणाऱ्या प्रकाशाला ती तिन्ही रंगांत गुणते, बाहेरच्या प्रकाशाचा काही भाग परतवून त्यात मिळवते आणि आतले दृश्य किंचित बाजूला सरकवते. आत माणूस आहे की नाही याचा प्रतिबिंबाला पत्ताही नसतो. म्हणून प्रतिबिंबाचा थर माणसावर घातला जात नाही, तो नुसता बेरजेत येतो. खिडकीपुरते सूत्र असे लिहून ठेवले:

```
khidki = T * (manus + aat * (1 - alpha)) + pratibimb
```

`T` हे काचेचे मोजलेले तीन रंगांचे गुणोत्तर आहे, `manus` ही अल्फाने, म्हणजे माणूस कुठे आहे ते सांगणाऱ्या मुखवट्याने, आधीच गुणलेली प्रतिमा आहे, `aat` ही काच खाली असलेली तिसरी फेरी आहे आणि `pratibimb` ही काळ्या कापडाची दुसरी फेरी.

यात एक सूक्ष्म गोष्ट लपलेली आहे आणि ती चित्रीकरणाआधीच सांभाळावी लागेल. वडिलांच्या चेहऱ्यावर पडणारा उजेड मुख्यतः याच खिडकीतून येणार आहे. म्हणजे तो आत येताना एकदा काचेतून गाळला जातो आणि चेहऱ्यावरून परतून कॅमेऱ्याकडे येताना दुसऱ्यांदा. सूत्रातला `T` फक्त दुसऱ्या वेळेचा आहे. पहिल्या वेळेचा हिशेब स्टुडिओतल्या दिव्यांनी द्यायला हवा, नाहीतर चेहरा काचेमागे असूनही उन्हात बसल्यासारखा उजळ दिसेल, आणि मग मी तो ग्रेडमध्ये, म्हणजे नंतरच्या रंगजुळणीत, दाबत बसेन तेव्हा सावल्याही सोबत दबतील. गॅफरना, म्हणजे दिव्यांच्या प्रमुखांना, कळवले आहे की खिडकीकडच्या बाजूचा दिवा नेहमीपेक्षा पाऊण ते एक स्टॉप कमी असावा, एक स्टॉप म्हणजे निम्मा उजेड, आणि त्यावर अगदी फिकट हिरवी झाक असावी. वरची चार बोटांची फट उघडी असल्याने थोडा उजेड न गाळताही येतो, म्हणून पूर्ण एक स्टॉपचा हट्ट धरला नाही.

२ ऑगस्ट, स्टुडिओ

नटांना काचेशिवाय बसवले. काचेआडून क्रोमा घेतला असता तर काचेचा हिरवटपणा आणि पडद्याचा हिरवा एकमेकांत मिसळले असते आणि पडद्याची हिरवी झळ काढताना काचेचा रंगही निघून गेला असता.

स्थिर कॅमेऱ्याने घेऊन भागेल का, असे निर्मितीकडून विचारले गेले. भागत नाही. २० अंशांच्या फरकाने गालाची कड, कान आणि नाकाचा उतार सगळेच बदलते. ते चपट्या चित्राला सरकवून मिळत नाही. म्हणून इथेही एक मीटरचा स्लायडर लावला, तीच लेन्स आणि तीच उंची ठेवली. डोके काचेच्या आत ४० सें.मी. असेल असे धरून डोक्यापासून स्लायडरपर्यंतचे काटकोनातले अंतर १.८ मीटर ठेवले. दाराची मूठ जिथे असती तिथे एक स्टँड उभा करून त्यावर रंगभूषेच्या डब्यातली लाल टिकली चिकटवली. कॅमेरा पॅन होत नसल्याने फ्रेममध्ये टिकली कुठे आहे यावरून स्लायडर कुठे आहे हे थेट कळते, आणि गाडीच्या तिन्ही फेऱ्यांत तेच काम दाराची मूठ करते.

पाच टेक झाले. दिग्दर्शिकेने चौथा निवडला. त्यात वडील साधारण पाचव्या सेकंदाला नजर उचलतात आणि दोन सेकंद तशीच ठेवतात.

५ ऑगस्ट

वेग जुळवण्याचे काम केले. चौथा टेक मूळ धरला आणि गाडीच्या तिन्ही फेऱ्यांचा वेग टिकलीच्या जागेप्रमाणे बदलला. उलटे केले असते, म्हणजे नटाच्या टेकचा वेग मुख्य फेरीप्रमाणे बदलला असता, तर पापणीची हालचाल ताणली किंवा आखडली गेली असती. गाडीला अभिनय नसतो, तेव्हा तिनेच वाकावे.

क्रोमाचा की, म्हणजे पडद्यापासून वेगळा काढलेला माणूस, स्वच्छ निघाला. कपाळावरच्या केसांसाठी वेगळा, मऊ कडेचा मुखवटा, म्हणजे मॅट, केला.

७ ऑगस्ट

पहिला कॉम्प माझ्या सहकाऱ्याने केला होता, तो आज पाहिला. तीन चुका सापडल्या. तिन्ही नेहमीच्याच आहेत, म्हणून सविस्तर नोंदवतो.

पहिली चूक प्रतिबिंबाच्या बेरजेची. त्याने Nuke या कॉम्पच्या सॉफ्टवेअरमधल्या Merge मध्ये `plus` ऐवजी `screen` वापरले होते, कारण तसे केल्याने चित्र फुटत नाही आणि डोळ्याला सौम्य वाटते. ढगाळ आकाशाचे प्रतिबिंब काचेवर सुमारे ०.३६ आहे आणि काचेतून आलेल्या चेहऱ्याची किंमत सुमारे ०.०६५. बेरीज ०.४२५ यायला हवी. `screen` दोन्हींचा गुणाकार वजा करते, म्हणून ०.४०२ येते आणि चेहऱ्याचा वाटा ०.०६५ वरून ०.०४२ वर उतरतो. जिथे आकाश उजळ तिथे चेहरा जास्त खाल्ला जातो, जिथे प्रतिबिंब काळे तिथे जशास तसा राहतो. त्यामुळे पाने हलली की चेहऱ्याची घनता लुकलुकते. शिवाय किंमत १ च्या वर गेली की Nuke मधले `screen` दोहोंपैकी मोठी किंमत उचलते, म्हणून क्रोमच्या पट्टीवरच्या चमकेखाली चेहऱ्याला अक्षरशः भोक पडले होते.

दुसरी चूक याच्या उलट होती. मुख्य फेरीत प्रतिबिंब आहेच, मग तिच्यावरच माणूस बेरजेने टाकू, असा सोपा मार्ग त्याने काही फ्रेमवर करून पाहिला होता. मागे काळोखी सीट असते तिथे तो चालतो, कारण काळ्यात मिळवले काय आणि काळे झाकून ठेवले काय, उत्तर तेच. पण वडिलांचे डोके शॉटच्या मध्यावर पलीकडच्या खिडकीसमोर येते आणि तिच्यातून पलीकडचा उजळ रस्ता दिसतो. तिथे केसांतून रिक्षा जाताना दिसली. आत जे आहे ते माणसाने झाकले पाहिजे आणि बाहेरचे प्रतिबिंब त्याने अजिबात झाकता कामा नये, इतका साधा नियम आहे. तो पाळायचा तर आतले आणि बाहेरचे वेगवेगळे हाताशी असावे लागते. तिसरी फेरी त्यासाठीच होती.

तिसरी चूक ट्रॅकची. त्याने माणूस आणि प्रतिबिंब दोन्ही दाराच्या ट्रॅकला, म्हणजे फ्रेममधल्या दाराच्या हालचालीला, बांधले होते, त्यामुळे चेहरा काचेवर चिकटवलेल्या स्टिकरसारखा दिसत होता. कागदावर आकृती काढून त्याला दाखवले. कॅमेरा एक मीटर सरकतो तेव्हा काचेच्या ४० सें.मी. मागे असलेले डोके काचेच्या चौकटीत सुमारे २२ सें.मी. सरकले पाहिजे. आमच्यामागे, काचेपासून ६ मीटरवर एक मोठा वृक्ष आहे. त्याचे प्रतिबिंब काचेच्या ६ मीटर मागे असल्यासारखे वागते, म्हणून ते ८० सें.मी.हून अधिक सरकते, म्हणजे जवळजवळ सगळी खिडकी ओलांडते. काचेवरची धूळ मात्र शून्य सरकते. एकाच काचेवर हे तीन वेग दिसले की डोळा न सांगता मधली खोली समजून घेतो.

धूसरपणाही याच हिशेबाने जातो. फोकस डोक्यावर, म्हणजे सुरुवातीला तिरकस अंतराने दोन-सव्वादोन मीटरवर आहे. वृक्षाचे प्रतिबिंब काचेवर दिसले तरी ते काचेच्या अंतरावर फोकसमध्ये येत नाही. कॅमेऱ्यापासून काचेपर्यंतचे आणि काचेपासून वृक्षापर्यंतचे अंतर मिळून जे होते, म्हणजे इथे त्याच तिरकस कोनात सुमारे ९ मीटर, त्या अंतरावरच्या वस्तूइतके ते धूसर हवे. आमच्या दुसऱ्या फेरीत ते कॅमेऱ्यानेच केले आहे.

९ ऑगस्ट

सूत्राप्रमाणे कॉम्प उभा राहिला. `T` स्थिर ठेवता येत नाही हे आज लक्षात घेतले. कोन ३५ वरून ५५ अंशांवर जाताना प्रकाशाचा काचेतला मार्ग लांबतो आणि पृष्ठभागावरून अधिक प्रकाश परततो, त्यामुळे आरपार येणारा प्रकाश सुमारे दहा टक्क्यांनी घटतो. प्रतिबिंब मात्र साधारण ६ टक्क्यांवरून ९ टक्क्यांवर, म्हणजे दीडपट होते. प्रतिबिंबाची वाढ दुसऱ्या फेरीत आपोआप आलेली आहे. `T` ला पहिल्या फ्रेमवर १ आणि शेवटच्या फ्रेमवर ०.९ असा गुणक दिला. पाहणाऱ्याला हा बदल वेगळा जाणवणार नाही, पण तो नसताना शेवटच्या दोन सेकंदांत चेहरा काचेच्या पुढे आल्यासारखा वाटत होता.

१० ऑगस्ट: वक्रीभवन

सहकाऱ्याने चेहऱ्यावर, चित्र वाकवणाऱ्या STMap मधून, हलकी लहर दिली होती, ‘काच आहे हे कळावे म्हणून’. ती काढून टाकली. काचेतून पाहिलेला माणूस थरथरतो ही समजूत बाटलीच्या किंवा जुन्या वाड्यातल्या तावदानाच्या आठवणीतून येते. गाडीच्या काचेचे दोन्ही पृष्ठभाग जवळजवळ समांतर असतात. एका पृष्ठभागाने किरण वळवला तर दुसरा तो तितकाच परत वळवतो आणि किरण मूळ दिशेला समांतर, फक्त किंचित बाजूला सरकून बाहेर येतो. काच कुठे थोडी कलली तर परतणारा किरण त्या कलाच्या दुप्पट वळतो. आरपार जाणाऱ्याला मात्र त्या कलाने जवळजवळ काही होत नाही. म्हणूनच टेम्पर्ड काचेत विजेचा खांब नागमोडी दिसतो आणि त्याच काचेमागचा माणूस सरळ. लहर द्यायची तर ती प्रतिबिंबाला द्यावी, आणि ती आमच्या फेरीत मुळातच आहे.

मग वक्रीभवनाचे काम उरले कुठे? काचेच्या वरच्या कडेवर. कडेच्या वर कपाळ उघडे दिसते आणि खाली डोळे, नाक, हनुवटी काचेआड आहेत. काच ४ मि.मी. जाडीची आणि अपवर्तनांक १.५२ धरला तर सुरुवातीच्या कोनात आतले दृश्य सुमारे १ मि.मी. आणि शेवटच्या कोनात सुमारे १.८ मि.मी. बाजूला सरकते. डोक्याच्या अंतरावर आमच्या १९२० रुंदीच्या फ्रेममध्ये याचे १.३ ते १.७ पिक्सेल होतात. सरक आडवी आहे आणि ती गाडीच्या मागच्या बाजूकडे, म्हणजे कॅमेऱ्यासमोरच्या लंबापासून दूर जाते. कडेच्या खालचा भाग `Transform` ने तेवढा सरकवला.

दीड पिक्सेलसाठी एवढा खटाटोप कशाला, असे कुणालाही वाटेल. पण कडेवर कानशिलाची उभी रेषा आणि केसांच्या बटा आडव्या कापल्या जातात, आणि सरळ रेषा तुटलेली डोळ्याला फार लवकर कळते. सरक देण्याआधी कड ही नुसती रंगाची हद्द वाटत होती. दिल्यावर तिथे जाड वस्तू आहे असे वाटू लागले.

कडेसाठी आणखी दोन गोष्टी कराव्या लागल्या. कडेवर काचेची जाडी दिसते, ती मुख्य फेरीतून जशीच्या तशी घेतली. तिथे प्रकाश काचेतून लांबवर प्रवास करून येत असल्याने ती गडद हिरवी रेघ असते आणि तिच्यावर आकाशाची बारीक चमक असते. ती रेघ हाताने रंगवायला गेलो तर खोटी दिसते. दुसरी गोष्ट उजेडाची. कपाळावर `T` लागत नाही आणि प्रतिबिंबही नाही. त्यामुळे प्रतिबिंब वगळता कपाळ चेहऱ्यापेक्षा जवळजवळ एक स्टॉप उजळ असते, पण त्याच्या सावल्या अधिक गडद दिसतात. काळ्यांची पातळी कडेपाशी उडी मारते, आणि ती मारायलाच हवी. सहकाऱ्याने ती सवयीने जुळवून टाकली होती.

१२ ऑगस्ट

दिग्दर्शिकेला दाखवले. त्या म्हणाल्या, “सगळं खरं दिसतंय, पण बाबा दिसत नाहीयेत. मला त्यांचे डोळे हवेत.”

त्यांचे म्हणणे बरोबर आहे आणि चित्रही बरोबर आहे. आकाशाचे प्रतिबिंब ०.३६ आणि त्यात चेहऱ्याचे ०.०६५, म्हणजे चेहरा हा सहाव्या हिश्शापेक्षा थोडा अधिक फरक आहे. दुपारी रस्त्यावरच्या गाड्यांत डोकावले तर असेच दिसते. पहिला सोपा उपाय म्हणजे चेहरा उजळवणे. एक स्टॉप उजळवून दाखवला, तर त्यांनीच नको म्हटले, कारण गाडीत दिवा लावल्यासारखे झाले. दुसरा उपाय प्रतिबिंब सगळीकडे निम्मे करणे. तसे केले की काच मळकट प्लास्टिकसारखी दिसते, कारण पत्र्यावर आकाश तितकेच उजळ राहते आणि काचेवर मात्र मंद होते.

खरी गोष्ट अशी आहे की काचेमागचा माणूस कुठे दिसतो हे त्याच्यावरच्या उजेडाइतकेच समोरच्या काळोखावर ठरते. वृक्षाच्या खोडाचे प्रतिबिंब काचेवर जेमतेम ०.००३ आहे. त्या पट्ट्यात ०.०६५ चा चेहरा ठळक उमटतो. शॉटमध्ये खोड वडिलांच्या चेहऱ्यावरून जाते, तेव्हा तो क्षणभर स्पष्ट होतो आणि नजरेची वेळ निघून जाते. खोडाचा काचेवरचा पट्टा ११ सें.मी. रुंद आहे आणि चेहरा काचेवर १२ सें.मी. जागा घेतो. म्हणजे पूर्ण झाकले असे कधी होतच नाही.

१३ ऑगस्ट

प्रतिबिंबाचा थर वेगळा असल्याने त्याला धीमे करून पाहिले. खोड चेहऱ्यावर थांबले, पण काचेच्या खोलीचा भास गेला. शिवाय एक फजिती झाली. काळ्या कापडाच्या फेरीत काचेवरची धूळ आणि पावसाच्या वाळलेल्या थेंबांचे डाग होतेच, तेही प्रतिबिंबासोबत काचेवरून सरकू लागले. निर्मितीच्या बैठकीत एका पाहुण्याने “काचेवर मुंग्या आहेत का?” असे विचारले, तेव्हा ते आमच्या लक्षात आले.

धूळ अशी वेगळी केली. दुसरी फेरी दाराच्या ट्रॅकवर स्थिर केली, म्हणजे धूळ जागच्या जागी राहते आणि प्रतिबिंब तिच्यावरून वाहते. मग दूरदूरच्या सात फ्रेम `FrameHold` ने घेऊन त्यांच्यावर Merge चे `min` लावले. प्रत्येक ठिकाणी कधी ना कधी काळे खोड किंवा गडद पान येऊन गेलेले असते, म्हणून सर्वांत कमी किंमत उरते ती धुळीची. हा थर मूळ फेरीतून वजा केला आणि शेवटी दाराच्या ट्रॅकला बांधून पुन्हा मिळवला. उन्हाच्या बाजूचे दोन-तीन डाग नीट वजा होईनात, ते रंगवून काढले.

१४ ऑगस्ट

खोड धीमे का खोटे वाटते याचा विचार केला. प्रतिबिंबाचा वेग, रुंदी आणि धूसरपणा या तिन्ही गोष्टी एकाच अंतरातून येतात. एक बदलून बाकीच्या तशाच ठेवल्या की डोळा अडखळतो. तेव्हा वेग बदलण्याऐवजी वृक्षच जवळ आणायचा असे ठरवले. तो काचेपासून ६ ऐवजी २ मीटरवर असता तर काय दिसले असते, एवढेच विचारायचे.

उत्तर हिशेबातून मिळते. खोड काचेवर ८१ ऐवजी ५९ सें.मी. सरकले असते आणि त्याचा पट्टा ११ ऐवजी सुमारे २४ सें.मी. रुंद झाला असता. डोके २२ सें.मी. सरकत असल्याने दोघांतला सापेक्ष प्रवास ३७ सें.मी. राहतो. २४ मधून चेहऱ्याचे १२ वजा केले तर १२ सें.मी.च्या प्रवासात चेहरा पूर्णपणे खोडाच्या काळोखात असतो. ९ सेकंदांत ३७ सें.मी., तर १२ सें.मी.ला जवळजवळ तीन सेकंद. दिग्दर्शिकेला दोन सेकंद हवे आहेत.

मूळ प्रतिबिंब सव्वादोनपट मोठे केले तर त्यातला धूसरपणाही तितकाच वाढतो, आणि जवळच्या वस्तूचा धूसरपणा उलट कमी हवा. म्हणून खोड फेरीतून घेतले नाही. त्या दिवशी सहज काढलेले खोडाचे एक स्थिर छायाचित्र फोनमध्ये होते. ते लिनिअरमध्ये आणून एका सपाट पत्त्यावर लावले आणि काचेच्या २ मीटर मागे ठेवून शॉटच्याच कॅमेऱ्याने पाहिले. त्याच्या अल्फाने मूळ प्रतिबिंब झाकले, म्हणजे इथे झाकणे योग्य आहे, कारण खोड खरोखरच मागच्या आकाशाला झाकते. कोनाप्रमाणे ६ ते ९ टक्क्यांचा गुणक आणि काचेची लहर दोन्ही दिले. पाने आणि आकाश मूळ फेरीतलेच आहेत.

१८ ऑगस्ट

दुसऱ्यांदा दाखवले. डोळे दिसतात. पाचव्या सेकंदाला नजर उठते तेव्हा खोड नुकतेच चेहऱ्यावर पूर्ण आलेले असते आणि नजर खाली गेल्यावर आकाश पुन्हा गालावर चढते. दिग्दर्शिकेने तो भाग चार वेळा पाहिला आणि पुढच्या शॉटबद्दल बोलू लागल्या.

एक चूक ध्वनिमुद्रकांनी पकडली. खोडावर गेरू-चुन्याचा पट्टा आहे आणि त्यावर रंगवलेला २७ हा आकडा सरळ वाचता येत होता. आरशात तो उलटा हवा. छायाचित्र आडवे फिरवले.

२० ऑगस्ट

अंतिम रेंडर दिला. फ्रेम १४१ ते १४६ मध्ये कडेवर केसांची एक बट अजून अर्धा पिक्सेल जास्त तुटते. मऊ मॅट आणि सरक यांचा क्रम बदलून पाहिला, तर बट जुळली पण कडेची हिरवी रेघ धूसर झाली. रेघ राखली आणि बट तशीच सोडली.